इंटरव्ह्यू झाला, एचआर गप्प: किती वेळा विचारायचं आणि कधी थांबायचं?

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: "इंटरव्ह्यू चांगला गेला, एचआर म्हणाले कळवतो, आणि आता मेलला उत्तर नाही, फोन उचलत नाहीत. काय करू?" आज फक्त तेवढंच बोलू. कंपनीचं नाव घेणार नाही, पण तारखा माझ्या मेलबॉक्समधल्याच आहेत.

२०२४ च्या मे महिन्यात मी हातात दुसरी ऑफर नसताना राजीनामा दिला. वेडेपणा वाटेल, पण नव्वद दिवसांची नोटीस सांगितली की बरेच रिक्रूटर पहिल्याच कॉलवर "तीस दिवसांत जॉइन होणारा हवाय" म्हणून फोन ठेवतात. माझा शेवटचा दिवस ३१ जुलै होता. मी कराडला घरूनच काम करत होतो. ११ जूनला, मंगळवारी, पुण्याला जाऊन एका कंपनीत शेवटचा राउंड दिला. तो दीड तास चालला आणि मस्त गेला. एचआर मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत कळवते."

शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी मी मेल टाकला: "काही अपडेट आहे का?" बस्स, एवढंच. उत्तर आलं नाही.

यात दोन चुका होत्या. एक म्हणजे वेळ. दिलेल्या तारखेनंतर कामाचा किमान एक दिवस पूर्ण जाऊ द्यायचा. त्यात सोमवारी १७ जूनला बकरी ईदची सुट्टी होती, म्हणजे माझा मेल बुधवारी १९ तारखेला जायला हवा होता. तारीखच दिली नसेल तर इंटरव्ह्यूनंतर कामाचे पाच ते सात दिवस थांबा. त्यापेक्षा बरं म्हणजे इंटरव्ह्यू संपतानाच विचारून घ्या, "साधारण कधीपर्यंत कळेल? आणि नाही कळलं तर मी कुणाला मेल करू?" पुढचा सगळा हिशोब या उत्तरावरून मांडता येतो.

दुसरी चूक मजकुराची. एक रिक्रूटर एका वेळी अनेक जागा बघत असतो. "काही अपडेट?" वाचून त्याला आधी हे शोधावं लागतं की हा माणूस कोण आणि कुठल्या जागेसाठीचा. असा मेल मागे पडतो. म्हणून इंटरव्ह्यूचं आमंत्रण ज्या मेलवर आलं होतं त्यालाच रिप्लाय करा, जागेचं नाव आणि इंटरव्ह्यूची तारीख लिहा, आणि एका वाक्यात उत्तर देता येईल असा एकच प्रश्न विचारा.

मी दुसरा मेल २५ जूनला पाठवला. मेल इंग्रजीतच होता, पण सारांश असा: "११ जूनला बॅकएंड इंजिनिअरच्या जागेसाठी माझा शेवटचा राउंड झाला. माझा नोटीसचा शेवटचा दिवस ३१ जुलै आहे, त्यानंतर लगेच जॉइन होऊ शकतो. निर्णय कोणत्या आठवड्यात अपेक्षित आहे, एवढं कळवाल का?" दुपारी उत्तर आलं: "प्रोसेस चालू आहे, कळवते."

आता हे उत्तर नीट वाचायला शिका. त्यात तारीख असती, म्हणजे "मॅनेजर सुट्टीवर आहेत, ५ जुलैला परत येतील" असं काही, तर आपला हिशोब त्या तारखेपासून नव्याने सुरू झाला असता. सॅलरी स्लिप मागितल्या, अपेक्षित पगार पुन्हा विचारला, तर तुमची फाइल पुढे सरकतेय. पण तारीख नाही, कागद मागितले नाहीत, नुसतं "चालू आहे"? मग बहुतेक वेळा तुम्ही होल्डवर आहात.

होल्ड का ठेवतात, हे मला नंतर कळलं. त्यांनी पहिली पसंती दुसऱ्याला दिली होती आणि त्याने ऑफर स्वीकारली होती. पण आपल्याकडे नोटीस नव्वद दिवसांची. त्या काळात माणूस दुसरी ऑफर घेतो, किंवा आहे तीच कंपनी पगार वाढवून थांबवते, आणि जॉइनिंगच्या दिवशी येतच नाही. म्हणून कंपनी दोन नंबरच्या उमेदवाराला "नाही" म्हणत नाही. रिक्रूटरच्या हातात ना होकार असतो ना नकार, मग तो गप्प बसतो. कधी बजेटची मंजुरी अडकलेली असते, कधी जागाच गोठवलेली असते. बाहेरून सगळं सारखंच दिसतं, आणि यातलं काहीच तुमच्या दहाव्या मेलने हलत नाही.

दुसऱ्या मेलनंतर एखादा फोन चालतो. कामाच्या दिवशी, सकाळी अकरानंतर, एकदाच. उचलला नाही तर पुन्हा लावू नका. ज्यांनी इंटरव्ह्यू घेतला त्यांना लिंक्डइनवर गाठू नका. ते बहुतेक तो मेसेज एचआरकडेच पाठवतात, आणि मग एचआरला वाटतं की आपल्याला डावललं. मधे कन्सल्टन्सी असेल तर विचारणा तिच्यामार्फतच करा. थेट कंपनीला मेल केला तर उमेदवार कुणाचा यावरून त्यांच्यात वाद होतो, आणि त्यात तुमचं नाव बाजूला पडू शकतं.

तिसरा मेल मी ४ जुलैला पाठवला, तो शेवटचा: "या जागेबद्दल पुढे काही ठरलं नाही असं मी समजतो आणि इतर ठिकाणी पुढे जातोय. पुढे जागा खुली झाली तर जरूर कळवा." टोमणा नाही, "उत्तर द्यायची पद्धत नाही का" वगैरे नाही. उत्तर आलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

म्हणजे हिशोब असा: दिलेल्या तारखेनंतर पहिला मेल, आठवड्याने दुसरा, साधारण दीड आठवड्याने तिसरा. तीन मेल, तीन आठवडे, संपलं. याला अपवाद एकच, हातात दुसरी ऑफर आली तर. तेव्हा खरी तारीख सांगून विचारा: "मला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय, त्याआधी तुमचा निर्णय होईल का?" पण ऑफर नसताना थाप मारू नका. "मग ती घ्या" असं म्हणाले तर मागे यायला रस्ता नसतो.

माझी मोठी चूक मेलची नव्हतीच. ११ जूनपासून ४ जुलैपर्यंत मी दुसरीकडे एकही अर्ज केला नाही. आई रोज जेवताना विचारायची, "आला का रे फोन?" आणि मी म्हणायचो, "येईल गं, या आठवड्यात." नोटीसमधले तेवीस दिवस मी असे घालवले. शेवटी ३१ जुलैला नोकरी संपली तेव्हा हातात काहीच नव्हतं. नवीन ठिकाणी १२ ऑगस्टला जॉइन झालो, जुन्या पगारापेक्षा थोड्याच जास्त पगारावर. घाईत होतो, त्यामुळे घासाघीस करता आली नाही.

आणि सप्टेंबरच्या मधे त्याच मॅडमचा फोन आला. "तुम्ही अजून उपलब्ध आहात का? आमचा उमेदवार जॉइन झाला नाही." होल्डचं कारण मला तेव्हा कळलं. महिन्याभरापूर्वीच जॉइन झालो होतो, म्हणून मी नाही म्हणालो. पण तिसरा मेल सरळ लिहिला होता म्हणूनच तो फोन आला, हेही खरं.

तुमच्या बाबतीत कोणत्या तारखेला काय झालं ते कमेंटमध्ये लिहा, कंपनीचं नाव नको. भेटू पुढच्या भागात.