आयसिनची पहिली दोन अक्षरं

डिमॅट खात्याच्या स्टेटमेंटवर प्रत्येक शेअरच्या नावाशेजारी बारा चिन्हांचा एक क्रमांक छापलेला असतो. तो आयसिन. त्याची पहिली दोन अक्षरं देशाची.

इन्फोसिसचं उदाहरण घ्या. मुंबईच्या बाजारात घेतलेल्या शेअरचा क्रमांक INE009A01021. यातलं IN म्हणजे भारत. पुढचं E देशाचं नाही. भारतीय पद्धतीत ते कंपनीचा कागद दाखवतं, म्युच्युअल फंडाला तिथे F येतो. याच कंपनीचा न्यूयॉर्कला विकला जाणारा कागद मात्र US4567881085. कंपनी बंगळुरूचीच, पण अमेरिकेत मिळतो तो शेअर नव्हे, तिथल्या बँकेने मूळ शेअर ठेवून घेऊन दिलेली पावती. पावती अमेरिकेत निघाली, म्हणून US.

शेअरच्या बाबतीत ही अक्षरं बहुधा कंपनीची नोंदणी कुठे आहे ते सांगतात; धंदा कुठे चालतो ते नाही. अलिबाबा चिनी कंपनी, शेअर हाँगकाँगला विकले जातात, तरी क्रमांक KYG017191142. KY म्हणजे केमन बेटं. चीनचं CN शोधणारा इथे हमखास चकतो.

रोख्यांत आणखी एक कोडं भेटतं: XS. असा देशच नाही. युरोक्लिअर आणि क्लिअरस्ट्रीम या आंतरराष्ट्रीय संस्थांमार्फत निघालेल्या रोख्यांना ही अक्षरं मिळतात. भारतीय कंपन्यांनी परदेशात काढलेल्या कित्येक रोख्यांवरही तीच असतात. तेव्हा XS दिसलं, तर रोखा कोणी काढला आणि त्याला कुठला कायदा लागू आहे, हे माहितीपत्रकातच पाहा.