चारशे सदुसष्टावं बिल

फोनमध्ये लग्नाचे व्हिडिओ साठवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला गूगलचा तो मेल कधी ना कधी येतो: तुमची पंधरा जीबी जागा भरत आली आहे. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमध्ये नव्याने चढवलेले फोटोही याच जागेत मोजले जाऊ लागले आणि हा मेल घरोघरी पोहोचला. त्यात जागा विकत घेण्याचा मार्ग असतो, तसाच नको ते काढून जागा मोकळी करण्याचाही. जागा पूर्ण भरली की जीमेलवर मेल येणं-जाणं थांबतं, हा परिणामही कळवलेला असतो. ग्राहकाच्या स्वतःच्या वापराचा आकडा दाखवून वरच्या प्लॅनकडे बोलावणारं पत्र म्हणजे काय, ते यावरून चटकन समजतं.

असं पत्र प्रामाणिकपणे लिहिणं मात्र अवघड आहे. खरी मेहनत शब्दांपेक्षा हिशेबात लागते.

समजा, सांगलीतले एक घाऊक फरसाण विक्रेते बिलिंगचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यांचा प्लॅन महिना ६०० रुपयांचा, त्यात ३०० बिलं. पुढच्या प्रत्येक बिलाला ३ रुपये. वरचा प्लॅन ११०० रुपयांचा, त्यात १००० बिलं. जूनमध्ये त्यांनी ३१० बिलं केली, जुलैत ३४५, ऑगस्टमध्ये ३९०. सलग तीन महिने मर्यादा ओलांडली, म्हणजे पत्र पाठवायला हरकत नाही, असं विक्री विभागाला वाटेल. पण ऑगस्टचा हिशेब मांडून पाहा. ९० जादा बिलांचे २७० रुपये धरून एकूण खर्च ८७० होतो. वरचा प्लॅन घेतला तर त्यांचे २३० रुपये उगाच जातील. वरचा प्लॅन स्वस्त पडायला लागतो तो ४६७व्या बिलापासून. त्याआधी ‘पैसे वाचवा’ असं लिहिणं ही सरळसरळ फसवणूक आहे. एवढी बेरीज तर दुकानातला मुनीमही करतो.

मग दिवाळी येते. ऑक्टोबरमध्ये बिलं ६२० वर जातात आणि खर्च १५६० रुपयांवर. आपोआप मेल धाडणारी यंत्रणा इथेच चुकते. तिला एका महिन्याची उसळी दिसते आणि ती वर्षभराचा प्लॅन पुढे करते. नोव्हेंबरात बिलं पुन्हा ४००वर उतरली की विक्रेत्याला आपण गंडलो असं वाटतं, आणि पुढचं एकही पत्र तो उघडत नाही. म्हणून गेल्या वर्षीचे तेच महिने आधी पाहायला हवेत. उसळी दरवर्षीची असेल, तर पत्र सप्टेंबरअखेर जावं आणि ते साधारण असं असावं:

“नमस्कार. गेल्या दिवाळीच्या महिन्यात तुमची ६०० च्या वर बिलं झाली होती. यंदाही तेवढीच झाली, तर सध्याच्या प्लॅनवर सुमारे १५०० रुपये लागतील. फक्त ऑक्टोबरपुरता मोठा प्लॅन घेतलात तर ११०० लागतील. नोव्हेंबरात जुन्या प्लॅनवर परत येता येईल. काही बदल केला नाही तरी बिलं अडणार नाहीत. जादा बिलांचे पैसे लागतील, इतकंच.”

पत्राचा कणा शेवटच्या तीन वाक्यांत आहे. परतीची वाट दिसली की ग्राहक निर्धास्त होतो, आणि ‘काही केलं नाही तर काय’ हे कळलं की घाईत निर्णय घेत नाही.

दुसरी अडचण मोजणीची. मेलचिंप या मेल पाठवण्याच्या सेवेत, यादीतून बाहेर पडलेली माणसंसुद्धा संपर्कांच्या एकूण संख्येत धरली जातात; त्यांना ‘अर्काइव्ह’ केलं की ती मोजणीतून वगळली जातात. हे ठाऊक नसलेला ग्राहक ज्यांना पत्रच जात नाही त्यांच्यापायी वरच्या प्लॅनचे पैसे भरत राहतो. फरसाण विक्रेत्याच्या बाबतीतही रद्द केलेली बिलं मोजली जातात की नाही, हे पत्रात स्पष्ट हवं. पत्रातला आकडा आणि त्याच्या स्क्रीनवरचा आकडा जुळला नाही, तर तो आधी फोन करून भांडेल, प्लॅनचा विषय नंतर.

पत्र कुणाच्या हाती पडतं, यावरही बरंच अवलंबून आहे. बिलं काउंटरवरचा मुलगा करतो, पैसे मालक भरतो. नोंदणी मुलाच्या मेलवर असेल, तर सगळा हिशेब वाया जातो.

‘आजच घ्या, नाहीतर संधी गेली’ असं खोटं दडपण आणण्यावर आता बंदी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या ऑनलाइन युक्त्यांच्या तेरा प्रकारांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई हा त्यातला एक प्रकार, आणि नको म्हटल्यावरही पुनःपुन्हा भुणभुण लावणं हा दुसरा. विक्रेत्याने सप्टेंबरात नकार कळवला असेल, तर ऑक्टोबरात त्याला दर आठवड्याला तेच पत्र जाता कामा नये. पुढच्या पत्राला कारण हवं ते नव्या आकड्याचं: दिवाळी नसतानाही सलग दोन-तीन महिने बिलं ४६७च्या पुढे गेल्याचं.