चंद्रराशींचा मेळ : तत्त्वांचा कौल आणि पंचांगाचे गुण

चंद्र साधारण सव्वादोन दिवस एका राशीत राहतो आणि जन्मवेळी तो ज्या राशीत असेल ती आपली जन्मरास. चंद्र मनाचा कारक मानल्यामुळे या राशीचे तत्त्व माणसाची भावनिक गरज सांगते, असे ज्योतिषी मानतात. मेष, सिंह, धनु या अग्निराशींच्या चंद्राला लगेच दाद हवी असते. राग चटकन येतो आणि बोलून टाकला की उतरतो. वृषभ, कन्या, मकर या पृथ्वीराशींना ठरलेला दिनक्रम आणि कृतीतून दिसणारी माया हवी असते. मिथुन, तूळ, कुंभ या वायुराशी दुःखसुद्धा बोलून, त्याची कारणे शोधून हलके करतात. कर्क, वृश्चिक, मीन या जलराशींना मात्र कुणीतरी नुसते जवळ बसावे आणि न सांगता समजून घ्यावे असे वाटते. यावरूनच एक सोपा नियम प्रचलित झाला आहे : समान तत्त्वाचे उत्तम जुळते, अग्नीचे वायूशी आणि पृथ्वीचे जलाशी चांगले, बाकीच्यांचे अवघड.

हा नियम घेऊन आपल्या पंचांगातला गुणमेलनाचा तक्ता उघडला, तर मोठी विसंगती दिसते. छत्तीस गुणांपैकी राशिकूटाचे 7 गुण दोन चंद्रराशींमधल्या अंतरावर दिले जातात. मेष आणि सिंह घ्या. दोन्ही अग्निराशी, म्हणजे तत्त्वांच्या हिशेबात पहिल्या प्रतीची जोडी. पण मेषेपासून सिंह पाचवी आणि सिंहेपासून मेष नववी. हे नवपंचम झाले आणि राशिकूटात त्याला शून्य गुण. समान तत्त्वाच्या दोन वेगळ्या राशी कायम नवपंचमातच येतात, त्यामुळे हा अपवाद नव्हे, सरसकट विरोध आहे. उलट कर्क आणि तूळ पाहा. जल आणि वायू, प्रचलित नियमाने अवघड जोडी; पण अंतर चौथ्या-दहाव्याचे, म्हणून पूर्ण 7 गुण.

यावर जाणकार म्हणतील की राशिकूट एकटे वाचायचे नसते, आणि ते खरे आहे. ग्रहमैत्रीत मेषेचा मंगळ आणि सिंहेचा रवी परस्परांचे मित्र असल्याने या जोडीला पूर्ण 5 गुण मिळतात, आणि राशिस्वामींच्या मैत्रीमुळे नवपंचमाचा दोष अनेक जण सोडूनही देतात. कर्केचा चंद्र शुक्राला सम मानतो, तुळेचा शुक्र मात्र चंद्राला शत्रू. तिथे अर्धाच गुण. पण बेरीज केली तरी कर्क–तूळ साडेसात आणि मेष–सिंह पाच. षडाष्टकाला मात्र दोन्ही पद्धती नापसंत करतात, कारण त्यातल्या राशींची तत्त्वे कधीच जुळणारी नसतात. तरीही मेष–वृश्चिक या षडाष्टकाचा स्वामी एकच मंगळ असल्याने आपली परंपरा त्याला प्रीतिषडाष्टक म्हणून मान्यता देते. अग्नी आणि जल यांचे वैर तिथे निर्णायक ठरत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा : पिढ्यानपिढ्या लोक हे जुळवत आले, त्यात काहीच नसेल का? मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी हे मोजून पाहिले. 1952 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 483 विवाहित जोडप्यांच्या कुंडल्या होत्या. पहिल्या 180 जोडप्यांत पत्नीचा चंद्र आणि पतीचा रवी यांची युती ठळकपणे जास्त आढळली. पुढच्या गटात ती मागे पडली आणि दोन चंद्रांची युती वर आली. तिसऱ्या गटात आणखी वेगळेच काही. सगळे एकत्र केल्यावर योगायोगापलीकडचे काही उरले नाही. आपल्या ओळखीतली दहा-वीस जोडपी पाहून बांधलेला ठाम नियम किती फसवा असू शकतो, हे यातून दिसते.

म्हणून माझे म्हणणे असे की तत्त्वांकडून विवाहाचा निकाल मागू नये. घरातल्या विशिष्ट भांडणाबद्दल विचारण्यासारखा प्रश्न मात्र ती देतात. वर्णनाप्रमाणे कर्क–तूळ जोडप्यात एकाचे मन दुखावले तर कर्क गप्प होते आणि तूळ लगेच बाजू मांडू लागते. कर्केला ते बोलणे वकिली वाटते, तुळेला ते मौन शिक्षा वाटते. दोघांना परस्परांची काळजी असूनही ती चुकीच्या रूपात पोहोचते. अशा वेळी ‘आत्ता बोलायचे आहे की नुसते बसायचे आहे?’ एवढे विचारता येते. मेष–सिंह जोडीत समजूत पटकन पटते, पण दाद दोघांनाही एकाच वेळी हवी असते आणि ती द्यायला कुणी उरत नाही. समान तत्त्वाची ही अडचण प्रचलित नियम सांगतच नाही. आणि जोडप्याचा अनुभव वर्णनाशी जुळत नसेल, तर अनुभव धरावा, वर्णन सोडावे.

पाश्चात्त्य पद्धतीने काढलेली चंद्रराशी आपल्या पंचांगातल्या राशीपेक्षा बहुधा एक घर पुढे का येते, आणि त्यामुळे तत्त्वच कसे बदलते, ते अयनांशावरील पुढच्या लेखात पाहू.