पुलाव एक, ताटं चार: कोणाच्या वाट्याला किती प्रोटीन?

घरी व्हेज पुलाव केला, चौघांनी खाल्ला. मग एकूण प्रोटीनला चारने भागलं की झालं का हिशोब? नाही. कारण चौघांची ताटं सारखी नसतात.

एक उदाहरण पाहू. पुलावात 300 ग्रॅम तांदूळ, 200 ग्रॅम पनीर, 100 ग्रॅम सोललेला मटार आणि 200 ग्रॅम गाजर, फरसबी, कांदा आहे. तांदळातून साधारण 24 ग्रॅम, पनीरमधून 36, मटारमधून 7 आणि भाज्यांमधून 3 ग्रॅम प्रोटीन मिळतं. एकूण 70 ग्रॅम. तेल-तुपात प्रोटीन नसतं.

हे आकडे कच्च्या वजनाचे आहेत. इथेच अनेकांची चूक होते. कच्च्या तांदळाचा आकडा शिजलेल्या भाताला लावला, तर उत्तर जवळपास तिप्पट येतं, कारण भाताचं वाढलेलं वजन पाण्याचं असतं.

आता पुलावाचं वजन हवं. रिकामं पातेलं आधीच मोजून ठेवा. समजा ते 1,850 ग्रॅम आहे आणि पुलावासकट 3,250 भरलं. म्हणजे पुलाव 1,400 ग्रॅम. 70 भागिले 1,400, म्हणजे दर 100 ग्रॅम पुलावात 5 ग्रॅम प्रोटीन.

मुलाने 500 ग्रॅम वाढून घेतला, बाबांनी 350, आईने 300 आणि आजीने 250. या हिशोबाने मुलाला 25 ग्रॅम प्रोटीन मिळालं, बाबांना 17.5, आईला 15 आणि आजीला 12.5. सरळ चारने भागलं असतं, तर प्रत्येकाच्या नावावर 17.5 ग्रॅम लागले असते आणि आजीला 5 ग्रॅम कमी मिळाले हे कळलंच नसतं.

पण पनीर कोणाच्या ताटात गेलं?

वजनाचा हिशोब पुलाव एकसारखा मिसळला असेल तरच खरा. इथे निम्म्याहून जास्त प्रोटीन एकट्या पनीरमध्ये आहे. त्यामुळे पनीर वेगळं मोजलेलं बरं. 200 ग्रॅमचे सारखे 40 तुकडे केले, तर एका तुकड्यात साधारण 0.9 ग्रॅम प्रोटीन येतं. पनीर सोडून उरलेल्या 1,200 ग्रॅम पुलावात 34 ग्रॅम, म्हणजे दर 100 ग्रॅमला सुमारे 2.8.

समजा आजीच्या ताटात 14 तुकडे आले आणि मुलाच्या ताटात फक्त 6. मग आजीला साधारण 17.7 ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि मुलाला 18.7. मुलाचं ताट दुप्पट मोठं, तरी फरक जेमतेम 1 ग्रॅमचा!

पनीरच्या पाकिटावर वेगळा आकडा असेल, तर तोच धरा. तुकडे तळताना थोडं पाणी उडतं, त्यामुळे शेवटचं उत्तर अंदाजेच राहतं. पण आजीच्या जेवणात प्रोटीन वाढवायचं असेल, तर भाताचा आणखी एक डाव वाढण्यापेक्षा पनीरचे चार तुकडे जास्त वाढलेले बरे, हे मात्र या हिशोबातून स्पष्ट होतं.