फेरीचा हिशेब फेरीतच लिहावा

मालट्रकच्या धंद्यात पैसा रोज हातात येतो आणि रोज हातातून जातो. त्यामुळे गाडी कमावते की नुसती फिरते, हे पुष्कळ मालकांना वर्षअखेरीसही सांगता येत नाही. दहा किंवा त्याहून कमी गाड्या असणाऱ्याला आयकर ठोकळ उत्पन्न धरून भरता येतो, म्हणून वही ठेवायचीच नाही असा समज आहे. ती सवलत कराची झाली. कोणत्या फेरीत मिळाले आणि कोणत्या फेरीत गेले, हे तिच्यावरून कळत नाही. आम्ही येथे भिवंडीच्या एका मालकाच्या दहा चाकी गाडीची एक फेरी घेतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. गाडी २०२० पूर्वीची आहे. नव्या बीएस-६ गाडीला डीईएफचा, म्हणजे चालक ज्याला युरिया म्हणतात त्याचा, खर्च वेगळा लिहावा लागतो.

गाडी भिवंडीहून कापड घेऊन नागपूरला गेली आणि तेथून तांदूळ घेऊन परतली. जाण्याचे भाडे ४२,००० रुपये, येण्याचे ३१,०००. जाणे आणि येणे मिळून एकच फेरी धरायची, हा पहिला नियम. जाताना भाडे चांगले आणि येताना पडेल, हे आपल्याकडे नेहमीचेच. दोन्ही अंगे वेगळी लिहिली की जाण्यात नफा दिसतो, येण्यात तोटा दिसतो आणि दोन्ही चित्रे खोटी असतात.

आता डिझेल. गाडी निघताना टाकी काठोकाठ भरायची आणि परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. वाटेत जेवढे भरले ते आणि शेवटी भरले ते, एवढेच त्या फेरीत जळाले. या गाडीत वाटेत १९० लिटर आणि परतल्यावर २२० लिटर भरले, म्हणजे ४१० लिटर. मीटरवर १,६४० किलोमीटर झाले. सरासरी बरोबर ४ किलोमीटर पडली. दर ९० रुपये धरला तर खर्च ३६,९००. वहीत लिटर आणि रुपये वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत, कारण दर पंपागणिक बदलतो आणि नुसत्या रुपयांवरून गाडी जास्त पिऊ लागली की डिझेल महागले हे कळत नाही.

सरासरी चार-पाच फेऱ्यांत हळूहळू उतरत गेली तर दोष बहुधा यंत्राचा असतो. एअर फिल्टर चोंदलेला, ब्रेक धरून राहिलेला किंवा टायरमध्ये हवा कमी. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनाला, एकाच फेरीत ती ४ वरून ३.६ वर आली तर ४५ लिटर जास्त गेले. मग पावत्या घेऊन बसावे आणि कोणत्या पंपावर किती किलोमीटरला भरले ते पाहावे. तथापि चालकावर लगेच संशय घेऊ नये. घाटात जाम लागला असेल किंवा माल बिल्टीपेक्षा जास्त भरला असेल, तर त्याचा काय दोष?

सर्वांत मोठा घोळ चालकाच्या उचलीत होतो. निघताना चालकाला २०,००० रुपये दिले. पुष्कळ मालक तेवढेच खर्चात टाकतात आणि नंतर डिझेलच्या पावत्या आल्या की त्याही टाकतात. एकच पैसा दोनदा खर्ची पडला. उचल हा खर्च नव्हेच. ती चालकाच्या नावावरची रक्कम आहे आणि पावत्या येतील तसतशी ती फिटते. शिवाय या फेरीत चालकाने नागपूरच्या पार्टीकडून येण्याच्या भाड्यापैकी ८,००० रुपये रोख घेतले होते. तेही त्याच्याच नावे लिहायचे. एकूण झाले २८,०००. त्यातून वाटेतले डिझेल १७,१००, चालक आणि क्लीनर यांचा सहा दिवसांचा भत्ता ४,५००, दलाली १,५००, हमाली, पंक्चर वगैरे किरकोळ १,४००. बेरीज २४,५००. उरले ३,५००. पैकी ३,००० त्याने घरी पाठवले होते आणि ५०० रोख परत दिले. हे ३,००० फेरीच्या खर्चात घालायचे नाहीत. पगारातून वळते करायचे. हिशेब गाडी आल्याच्या दिवशी, चालक समोर असताना, सही घेऊन मिटवावा. पुढची फेरी लागली की मागची चिठ्ठी सापडत नाही आणि मग मालक आणि चालक दोघेही स्वतःला लुबाडले गेलेले समजतात.

टोल फास्टॅगमधून मालकाच्या खात्यातून गेला, ८,२००. डिझेल, टोल, भत्ता, दलाली आणि किरकोळ मिळून खर्च ५२,५०० झाला. भाडे ७३,०००. उरले २०,५००. येथे बहुतेक जण वही मिटतात आणि येथेच फसतात.

टायर राहिले. टायर एखाद्या फेरीत घेतला जातो, पण झिजतो प्रत्येक फेरीत. ज्या महिन्यात चार टायर बदलले त्या महिन्यातल्या एका फेरीवर ८८,००० टाकले तर ती फेरी बुडीत दिसेल आणि बाकीच्या फेऱ्या फुकटच्या टायरवर धावल्यासारख्या दिसतील. म्हणून किलोमीटरवर भाग करावा. नवा टायर २२,००० रुपयांचा धरू. तो ७०,००० किलोमीटर चालला, मग ५,५०० देऊन रिमोल्ड केला आणि मागच्या चाकांना आणखी ४०,००० चालला. (पुढे रिमोल्ड घालू नये, फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही.) म्हणजे २७,५०० रुपयांत १,१०,००० किलोमीटर, किलोमीटरला २५ पैसे. दहा टायरचे अडीच रुपये. १,६४० किलोमीटरला ४,१०० रुपये. ही रक्कम फेरीतून काढून वेगळी ठेवली तर टायर घ्यायच्या वेळी उधारी करावी लागत नाही. उरले १६,४००.

प्रत्येक टायरवर त्याचा नंबर कोरलेला असतो. तो, बसवल्याचे मीटर आणि कोणत्या चाकाला बसवला, हे लिहून ठेवावे. वाटेत टायर बदलला गेला तर नंबर बोलतो. टायर ४५,००० वरच गुळगुळीत झाला तर कारणही रबरावरच दिसते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती, मधला भाग झिजला तर जास्त होती, एकच कड गेली तर अलाइनमेंट बिघडले. जोडचाकात एक नवा आणि एक झिजलेला टायर घातला तर सारे वजन उंच टायरवर येते आणि तो आधी फुटतो.

आता महिन्याचा बांधीव खर्च. गाडीचा हप्ता, विमा, कर, परमिट, फिटनेस आणि चालकाचा पगार मिळून या मालकाचे ५७,००० होतात. (हिशेबनीस हप्त्याऐवजी घसारा धरतील, पण घरातली पेटी हप्ता ओळखते.) महिन्यात अशा चार फेऱ्या झाल्या तर ६५,६०० मधून ५७,००० जाऊन ८,६०० राहतात. तीनच झाल्या तर ४९,२०० येतात आणि ७,८०० पदरचे घालावे लागतात. एका फेरीचा फरक एवढा मोठा आहे. म्हणून फेरीच्या कागदावर गाडी गोदामाच्या दारात किती वाजता पोचली आणि किती वाजता खाली झाली, हेही लिहावे. दोन-दोन दिवस उभे ठेवणारी पार्टी टनामागे शंभर रुपये जास्त देत असली तरी ती महाग पडते.

राहिले येणे. ४२,००० पैकी ३४,००० लोडिंगच्या वेळी मिळाले, ८,००० पोच पावती दाखवल्यावर मिळायचे आहेत. फेरीत भाडे पूर्ण ४२,०००च लिहावे आणि ८,००० त्या पार्टीच्या नावे येणे दाखवावे. तुटीपोटी ६०० कापले गेले तर ती कपात त्याच फेरीच्या कागदावर उतरवावी. तीन फेऱ्यांची येणी एकाच पार्टीकडे साचली असतील तर चौथा माल भरण्यापूर्वी पोच पावत्या घेऊन तिच्या पेढीवर जावे.