सिम्प्लेक्सचा शेवटचा तक्ता काय सांगतो?

एका सुतारशाळेचं उदाहरण घेऊ. टेबलाला सुतारकामाचे २ तास लागतात आणि खुर्चीला १. पॉलिशला दोन्हींना प्रत्येकी १ तास. हाताशी सुतारकामाचे १०० तास आणि पॉलिशचे ८० तास आहेत. टेबलामागे नफा ४०० रुपये, खुर्चीमागे २००. जॉर्ज डँटझिग यांच्या १९४७ सालच्या सिम्प्लेक्स पद्धतीने सोडवलं, तर शेवटच्या तक्त्यात ५० टेबलं, खुर्ची एकही नाही आणि नफा २०,००० रुपये असं उत्तर येतं.

पण नफ्याची ओळ नीट पाहा. खुर्च्या उत्तरात नाहीत, तरी त्यांच्या रकान्याखाली शून्य आहे. म्हणजे खुर्च्या घेतल्या तरी नफा बदलत नाही. तो रकाना आत घेऊन आणखी एक पायरी केली, की २० टेबलं आणि ६० खुर्च्या मिळतात, नफा तेवढाच. ३५ टेबलं आणि ३० खुर्च्याही चालतात.

आता समजा, किमान १२० नग हवेतच अशी अट घातली. पॉलिश ८० नगांपुरतंच आहे. अशा वेळी शेवटच्या तक्त्यात कृत्रिम चल ४० वर अडून राहतं. ते शून्यावर येत नसेल, तर अटी एकमेकींशी जुळतच नाहीत.

याउलट खुर्चीचे तास मांडायचेच राहिले, तर नफा वाढवू पाहणाऱ्या तिच्या रकान्यात एकही धन संख्या उरत नाही. गुणोत्तर काढता येत नाही आणि नफ्याला मर्यादाच राहत नाही. असा तक्ता दिसला, की आधी आपली मांडणी तपासावी.