बोट कुठे अडतं?

समजा, बस-तिकिटाचं एक नवं ॲप तयार होतंय. अजून कोडची एक ओळही लिहिलेली नाही, पण फिग्मामध्ये पडदे एकमेकांना जोडून मोबाइलवर चालणारा प्रोटोटाइप उभा आहे. तो नेहमी एसटीने फिरणाऱ्या पाच जणांच्या हातात एकेक करून द्यायचा. प्रत्येकाला साधारण पाऊण तास पुरतो.

काम सांगताना पडद्यावरचे शब्द वापरायचे नाहीत. ‘आसन निवडा, मग पुढे जा’ म्हटलं की उत्तरच सांगून झालं. त्याऐवजी, ‘शनिवारी सकाळी आईला पुण्याहून कोल्हापूरला जायचंय, तिला खिडकीजवळची जागा हवीय,’ एवढंच सांगावं आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायची विनंती करावी. फिग्मामध्ये चुकीच्या जागी बोट लागलं की बरोबर जागा निळ्या रंगात चमकते. ही सोय आधी बंद करावी, नाहीतर प्रोटोटाइपच कॉपी पुरवतो!

एक बाई खिडकीची जागा निवडतात आणि थांबतात. पुन्हा त्याच जागेवर बोट ठेवतात, तर निवड रद्द होते. तिसऱ्यांदा तेच. शेजारी बसलेल्याची जीभ इथे शिवशिवते, पण त्याने गप्पच राहावं. त्यांनी ‘आता काय करू?’ विचारलं, तर ‘घरी असता तर काय केलं असतं?’ एवढंच म्हणावं.

वहीत ‘बटण दिसलं नाही’ असं लिहू नये, तो तर्क झाला. ‘जागेवर तीनदा बोट, मग खालच्या राखाडी बटणाकडे पाहून म्हणाल्या, हे बंद आहे वाटतं,’ ही नोंद. पाचपैकी चौघे इथेच अडले, तर दोष उघड आहे: राखाडी रंगामुळे चालू बटण बंद वाटतंय. मग जागा निवडताच बटण रंगीत व्हावं आणि त्यावर ‘१ जागा, पुढे जा’ असं यावं. सूचनांची नवी खिडकी उघडणं हा उपाय नव्हे. तीही लोक न वाचता बंद करतात.

एकाला ॲपचा हिरवा रंग आवडला नाही. त्याचं काम कुठेच अडलं नव्हतं, म्हणून ती नोंद यादीत खाली जाते. पण एकट्याच माणसाने चुकीच्या तारखेचं तिकीट काढलं, तर ती चूक वर येते. किती जण अडले याइतकंच नुकसान किती, हेही पाहावं लागतं.

पाच हा आकडा जेकब नील्सन यांनी रूढ केला. एक माणूस सरासरी ३१ टक्के दोष उघडे करतो असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात, असं त्यांचं गणित. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये ६० जणांच्या चाचणीतून पाच-पाचांचे गट पाडून पाहिले, तेव्हा एखाद्या गटाला जेमतेम ५५ टक्केच दोष सापडले होते. म्हणून अहवालात ‘८० टक्के प्रवासी अडतात’ असं लिहू नका. ‘पाचपैकी चौघे अडले’ असं लिहा, आणि दुरुस्त प्रोटोटाइप नव्या पाच जणांच्या हातात द्या.